व्हेंटिलेटरच्या पडद्यावरचा अपुरा उच्छ्वास

अतिदक्षता विभागातल्या व्हेंटिलेटरच्या पडद्यावर डावीकडून उजवीकडे आलेख सरकत असतात. त्यातले दोन आलेख रुग्णाच्या फुफ्फुसांविषयी सर्वांत जास्त सांगतात. एक दाबाचा आणि दुसरा प्रवाहाचा. दाबाच्या आलेखात श्वासनलिकेच्या नळीतला दाब क्षणाक्षणाला किती आहे ते दिसते. हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीवर, म्हणजे सेंटिमीटरमध्ये मोजतात. प्रवाहाच्या आलेखात मधोमध शून्याची आडवी रेघ असते. रेषा तिच्या वर असेल तर हवा आत जाते आहे आणि खाली असेल तर बाहेर येते आहे. रेषा शून्यावर टेकली म्हणजे त्या क्षणी हवेची ये-जा थांबलेली आहे.

ठरावीक आकारमानाचा श्वास देणाऱ्या पद्धतीत वरचा भाग यंत्राच्या हातात असतो. किती मिलिलिटर हवा, किती वेगाने, मिनिटाला किती वेळा द्यायची हे डॉक्टरांनी आधीच ठरवलेले असते, त्यामुळे शून्याच्या वरचा प्रवाह बहुधा चौकोनी खोक्यासारखा, दरवेळी तसाच उमटतो. उच्छ्वासाचे तसे नाही. यंत्र हवा ओढून घेत नाही, ते फक्त झडप उघडते. फुगलेली फुफ्फुसे आणि छातीचा पिंजरा आपल्या लवचिकतेने मूळ आकाराकडे परततात आणि हवा बाहेर ढकलतात. म्हणून शून्याच्या खालचा भाग रुग्णाच्या फुफ्फुसांनी काढलेला असतो. हवा अडकली आहे की नाही, हे आधी याच खालच्या भागात शोधायचे असते.

निरोगी फुफ्फुसाचा उच्छ्वास या आलेखात झटकन खोल उतरतो आणि मग वळण घेत शून्यावर येऊन टेकतो. पुढचा श्वास सुरू होईपर्यंत ती रेषा काही काळ शून्यावरच आडवी राहते. हे रिकामे होणे किती वेळात घडेल ते दोन गोष्टींवर ठरते. श्वासमार्गाचा अडथळा जितका जास्त, तितकी हवा सावकाश बाहेर पडते. आणि फुफ्फुस जितके सैल व सहज फुगणारे, तितका हवा बाहेर ढकलणारा जोर कमी. या दोहोंच्या गुणाकारातून जो कालावधी मिळतो त्याला कालस्थिरांक म्हणतात. एका कालस्थिरांकाएवढ्या वेळात आत गेलेल्या हवेपैकी साधारण ६३ टक्के बाहेर पडते, दोनांत ८६ टक्के आणि तिनांत ९५ टक्के. चांगल्या फुफ्फुसाला नळीतून श्वास सोडताना हा कालावधी अर्ध्या सेकंदाच्या आसपास असतो, म्हणजे दीड सेकंद मिळाला की काम भागते. दीर्घकालीन श्वासमार्ग अडथळ्याच्या आजारात, ज्याला सर्रास सीओपीडी म्हणतात, तो दीड सेकंदापर्यंतही जाऊ शकतो. अशा रुग्णाला पूर्ण श्वास सोडायला साडेचार सेकंद हवेत.

तेवढा वेळ मिळाला नाही तर हवा अडकते. आलेखात ते असे दिसते: उच्छ्वासाची रेषा शून्याकडे वर येत असते, पण तिथे पोहोचण्याआधीच यंत्राचा पुढचा श्वास सुरू होतो आणि रेषा एकदम सरळ वर उडी घेते. ज्या जागेवरून उडी घेतली ती जागा शून्याच्या खाली असते. म्हणजे हवा अजून बाहेर येत होती. अडथळ्याच्या आजारात या रेषेचा आकारही बदलतो. सुरुवातीला एक अरुंद टोक खाली जाते आणि त्यानंतर रेषा जवळजवळ सपाट, रेंगाळत शून्याकडे जाते. लहान श्वासनलिका उच्छ्वासात दबून मिटत असल्याची ती खूण असते.

दरवेळी थोडी हवा मागे राहिली तरी फुफ्फुस बेसुमार फुगत जात नाही. ते जसे फुगते तसा त्याचा परतण्याचा जोर वाढतो आणि श्वासमार्गही थोडे रुंद होतात. काही श्वासांनंतर जितकी हवा आत जाते तितकी बाहेर येऊ लागते, पण हा समतोल फुगलेल्या अवस्थेतला असतो. उच्छ्वासाच्या शेवटीही आत दाब शिल्लक राहतो. उच्छ्वासाअखेर राखायचा दाब डॉक्टर यंत्रावर मुद्दाम ठरवतात, त्याला पीप म्हणतात. अडकलेल्या हवेमुळे त्याच्यावर जो जादा दाब साचतो तो ऑटो-पीप. पेपे आणि मरिनी या डॉक्टरांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात या दाबाला ‘दडलेला’ म्हटले होते. कारण उच्छ्वासाची झडप उघडी असताना यंत्राच्या दाबमापकावर तो दिसतच नाही. तिथे फक्त ठरवलेला पीप दिसतो.

तो मोजण्यासाठी उच्छ्वासाच्या अगदी शेवटी झडप काही सेकंद बंद ठेवतात. पडद्याजवळ त्यासाठी वेगळे बटण असते. हवेला बाहेर जायला वाट उरली नाही की आतला आणि नळीतला दाब सारखा होतो आणि दाबाची रेषा हळूहळू वर चढून एका पातळीवर स्थिरावते. त्या आकड्यातून ठरवलेला पीप वजा केला की ऑटो-पीप मिळतो.

हे प्रत्यक्षात कसे उलगडते ते पाहण्यासाठी एक नमुना रुग्ण घेता येईल. वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेली, सीओपीडी असलेली साठीतली बाई. उंची १५५ सेंटिमीटर. श्वासाचे आकारमान प्रत्यक्ष वजनावर न ठरवता उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनावर ठरवतात; ते इथे ४८ किलो येते. दम वाढून थकल्यावर तिला नळी घालून व्हेंटिलेटरवर घेतले आहे आणि गुंगीच्या औषधामुळे ती स्वतःहून श्वास घेत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढलेला दिसल्यामुळे यंत्राचा वेग वाढवत नेला गेला. आता दर श्वासाला ५०० मिलिलिटर, मिनिटाला २४ श्वास, प्रवाह मिनिटाला ३० लिटर आणि पीप ५ सेंटिमीटर आहे. रक्तदाब मात्र उतरत चालला आहे.

हिशेब साधा आहे. मिनिटाला २४ श्वास म्हणजे एका फेरीला अडीच सेकंद. मिनिटाला ३० लिटर म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर, त्यामुळे ५०० मिलिलिटर आत जायला पूर्ण एक सेकंद लागतो. उच्छ्वासाला उरतो दीड सेकंद, आणि तिच्या फुफ्फुसाचा एक कालस्थिरांकच दीड सेकंदाचा आहे. पडद्यावर उच्छ्वासाची रेषा शून्याच्या बरीच खाली असतानाच वर उडी घेताना दिसते. झडप बंद ठेवून मोजल्यावर दाब ११ वर स्थिरावतो. म्हणजे ऑटो-पीप ६ सेंटिमीटर, आणि जवळपास ३०० मिलिलिटर हवा कायमची अडकलेली. श्वास दिल्यावर क्षणभर थांबून मोजलेला दाब, ज्याला पठारी दाब म्हणतात, २१ आहे आणि श्वास आत जातानाचा कमाल दाब ३६.

कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी वाढवलेल्या वेगानेच इथे उच्छ्वासाचा वेळ खाल्ला आहे. उपाय उलट दिशेचा आहे. श्वास ३८० मिलिलिटर म्हणजे किलोमागे साधारण ८ मिलिलिटर, वेग मिनिटाला १४, आणि प्रवाह दुप्पट, म्हणजे मिनिटाला ६० लिटर. आता फेरी ४.३ सेकंदांची होते, हवा ०.४ सेकंदात आत जाते आणि सोडायला ३.९ सेकंद मिळतात. प्रवाहाची रेषा शून्याला जवळजवळ टेकते, झडप बंद करून मोजलेला ऑटो-पीप एका सेंटिमीटरच्या आत येतो.

या बदलानंतर यंत्राचा भोंगा वाजण्याची दाट शक्यता असते, कारण कमाल दाब ३६ वरून ४३ वर गेला आहे. हे बिघडल्याचे लक्षण नाही. हवा दुप्पट वेगाने अरुंद मार्गातून ढकलली जात असल्यामुळे तो दाब वाढला आहे आणि त्यातला बराचसा नळीत व श्वासनलिकांतच खर्च होतो. फुफ्फुसाच्या पिशव्यांवर किती ताण आहे ते पठारी दाब सांगतो, आणि तो २१ वरून १३ वर आला आहे. इथे भोंग्याची मर्यादा ४० वर तशीच ठेवली तर यंत्र प्रत्येक श्वास मधेच तोडेल आणि रुग्णाला हवाच पुरणार नाही. म्हणून ती मर्यादाही समजून वर न्यावी लागते. दर मिनिटाला मिळणारी हवा मात्र १२ लिटरवरून सुमारे ५.३ लिटर झाली आहे. कार्बन डायऑक्साइड काही काळ चढा राहील. रक्ताचा पीएच साधारण ७.२ च्या खाली जात नसेल तर हे चालवून घेतात, आणि रक्तवायूंची तपासणी पुन्हा करून त्यावर नजर ठेवतात. दरम्यान श्वासमार्ग रुंद करणारी औषधे आणि नळीतला कफ काढणे हे मूळ उपचार चालूच राहतात.

रक्तदाब उतरण्याचे कारणही त्याच अडकलेल्या हवेत असते. छातीतला दाब कायम चढा राहिला की शरीराकडून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि हृदयाला पुढे ढकलायलाच कमी उरते. रक्तदाब एकाएकी कोसळला आणि हवा अडकल्याची शंका असेल तर नळी यंत्रापासून काही सेकंद सोडवून छाती मोकळी होऊ देतात. उच्छ्वास लांबत बाहेर येत राहिला आणि रक्तदाब सावरला तर कारण सापडले. सावरला नाही तर छातीत फुफ्फुसाबाहेर हवा साठली आहे का, यासह इतर कारणे तातडीने शोधावी लागतात.

आलेखाच्या या खुणेला मर्यादा आहेत. रेषा शून्याला टेकली नाही यावरून हवा अडकली आहे एवढेच कळते, किती ते कळत नाही. उरलेला प्रवाह बारीक असूनही आतला दाब मोठा असू शकतो. तीव्र दम्यात तर काही श्वासनलिका उच्छ्वासात पूर्ण मिटतात. त्यांच्यामागची हवा ना प्रवाहात दिसते, ना झडप बंद केल्यावर मोजता येते. तिथे चढता पठारी दाब हाच साक्षीदार उरतो. आणि रुग्ण स्वतः पोटाचे स्नायू आवळून श्वास सोडत असेल तर बंद झडपेमागचा आकडा खोटाच मोठा येतो. म्हणून हे मोजमाप रुग्ण शांत, स्वतःचा जोर न लावणारा असतानाच विश्वासाचे असते.

दोन दिवसांनी हीच रुग्ण जागी होते, श्वासमार्ग काहीसे मोकळे झालेले असतात आणि तिला आधाराच्या पद्धतीवर आणले जाते. यात श्वास रुग्णाने सुरू करायचा असतो. तिने ओढ दिल्याचे यंत्राने ओळखले की ते ठरावीक दाबाचा आधार देते, आणि आत जाणारा प्रवाह कमाल वेगाच्या ठरावीक टक्क्यांवर उतरला की श्वास संपवते. ओढ ओळखण्याच्या या क्रियेला ट्रिगर म्हणतात. रुग्ण आणि यंत्र यांची चुकामूक इथून सुरू होऊ शकते.

समजा, आधार १८ सेंटिमीटरचा आहे. पडद्यावर श्वासाचा वेग १६ दिसतो, दर श्वासाला ६०० मिलिलिटर जाते आणि आकड्यांवरून सगळे निवांत वाटते. पण परिचारिका तिच्या पोटावर हात ठेवून पूर्ण मिनिटभर मोजते तेव्हा २८ वेळा ओढ जाणवते. म्हणजे १२ वेळा तिने श्वास मागितला आणि यंत्राने दिला नाही. त्या १२ वाया गेलेल्या ओढी आलेखात आहेतच, फक्त त्या उच्छ्वासाच्या भागात शोधाव्या लागतात. शून्याकडे सावकाश येणारी प्रवाहाची रेषा मधेच एका उंचवट्याने वर उचलली जाते आणि पुन्हा खाली येते. नेमक्या त्याच क्षणी दाबाच्या रेषेत छोटासा खळगा पडतो. त्यानंतर श्वास मात्र येत नाही. दोन्ही खुणा एकाच उभ्या रेषेत आल्या तर ती रुग्णाची ओढ समजायची. प्रवाहाची रेषा सतत करवतीच्या दात्यांसारखी थरथरत असेल तर बहुधा नळीत कफ किंवा पाणी साचलेले असते.

तिची ओढ यंत्रापर्यंत का पोहोचत नाही, याचे उत्तर पुन्हा अडकलेल्या हवेत आहे. हवा आत येण्यासाठी फुफ्फुसातला दाब नळीतल्या दाबाखाली जायला हवा. आत ऑटो-पीप साचलेला असेल तर श्वासपटलाचा सुरुवातीचा सगळा जोर तो दाब उतरवण्यातच जातो, आणि ट्रिगरचा उंबरठा गाठण्याआधी ओढ संपते. मोठा आधार यात भर घालतो. १८ सेंटिमीटरच्या जोराने मोठा श्वास भरला जातो. शिवाय अडथळ्याच्या फुफ्फुसात प्रवाह सावकाश उतरत असल्यामुळे तो २५ टक्क्यांवर यायला दीड सेकंद लागतो. तिला त्याआधीच श्वास सोडायचा असतो. श्वासाच्या शेवटी दाबाच्या रेषेला फुटलेला छोटा कोंब ते दाखवतो. तिची पुढची ओढ येते तेव्हा फुफ्फुस अजून भरलेलेच असते.

म्हणून आधार वाढवून चालत नाही, कमी करावा लागतो. तो पायरीपायरीने १८ वरून १० वर आणला जातो आणि श्वास संपवण्याची मर्यादा २५ ऐवजी ४५ टक्के केली जाते. आता श्वास ०.९ सेकंदात संपतो, आकारमान ३६० मिलिलिटर होते आणि जवळजवळ प्रत्येक ओढीला श्वास मिळतो. पडद्यावरचा वेग १६ वरून २७ होतो. हा बदल समजून घेतला नाही तर रुग्ण दमते आहे असे वाटून कोणीतरी आधार पुन्हा वाढवेल. वास्तविक तिचा स्वतःचा वेग २८ च होता, आता तो दिसू लागला एवढेच. दर मिनिटाची हवा पाहिली तर आधी १६ गुणिले ६०० म्हणजे ९.६ लिटर होती आणि आता २७ गुणिले ३६० म्हणजे ९.७ लिटर आहे. घाम, मानेच्या स्नायूंची ओढाताण आणि रक्तवायू तपासून ती खरोखर दमत नाही ना, याची मात्र खात्री करावी लागते.

यावरही ओढी वाया जात असतील तर ठरवलेला पीप एकेका सेंटिमीटरने वाढवतात. बाहेरचा दाब आतल्या दाबाच्या जवळ आणला की दोहोंतली दरी कमी होते आणि तेवढा कमी जोर लावून ट्रिगर होतो. लहान श्वासनलिका उच्छ्वासात दबणाऱ्या सीओपीडीत हा उपाय लागू पडतो. ऑटो-पीपच्या साधारण ८० टक्क्यांपुढे मात्र जात नाहीत. पीप वाढवल्यावर फुफ्फुस आणखी फुगत असल्याची खूण दिसली, तर तो तिथेच थांबवायचा.

चुकामुकीचे आणखी दोन प्रकार आलेखात ओळखता येतात आणि त्यांचा इलाज उलट दिशेला असतो, म्हणून ते वेगळे काढणे गरजेचे. पहिला प्रवाह अपुरा पडण्याचा. ठरावीक आकारमानाच्या पद्धतीत प्रवाहाचा चौकोन जसाच्या तसा राहतो, पण एरवी सरळ चढणारी दाबाची रेषा मधे खोलगट होते, चमच्याने खरवडून काढल्यासारखी. रुग्ण यंत्र देते त्याहून वेगाने हवा ओढू पाहतो आहे, असा त्याचा अर्थ. प्रवाह वाढवणे आणि त्याची तहान वाढवणारा ताप, वेदना किंवा आम्लता शोधणे हा उपाय. दुसरा प्रकार जोड-श्वासाचा. यंत्राने श्वास संपवला तरी रुग्णाची ओढ चालूच असते, त्यामुळे उच्छ्वास जेमतेम सुरू होताच दुसरा श्वास सुटतो. प्रवाहाच्या आलेखात दोन चौकोन एकमेकांना खेटून येतात. ठरावीक आकारमानाच्या पद्धतीत हे घडले तर ३८० मिलिलिटरचा श्वास ठरवलेला असूनही फुफ्फुसात दुप्पट, ७६० मिलिलिटरपर्यंत हवा भरते. ताठ झालेल्या, सुजलेल्या फुफ्फुसाला जपून लहान श्वास देण्याचा हेतूच त्यामुळे फसतो. इथे श्वासाचा वेळ थोडा लांबवावा लागतो, किंवा रुग्णाची श्वासाची ओढ कमी करावी लागते. गाढ गुंगीतल्या रुग्णात मात्र कधीकधी यंत्राचा श्वासच श्वासपटलाला उचकवतो आणि तशीच जोडी उमटते. तिथे ओढ यंत्राच्या श्वासानंतर सुरू होते.

ही चुकामूक विरळ नाही. थिय आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६२ रुग्ण तपासले. त्यातल्या जवळपास चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत दहापैकी एकाहून अधिक श्वास चुकत होते, आणि वाया गेलेल्या ओढींचे प्रमाण त्यात सर्वांत जास्त होते. अशा रुग्णांना यंत्राची गरजही जास्त दिवस लागली. नमुना रुग्णाचे प्रमाण याच मोजपट्टीवर २८ पैकी १२ म्हणजे ४३ टक्के येते. नुसत्या नजरेने पडद्याकडे पाहून हे ओळखण्यात अनुभवी डॉक्टरही कमी पडतात, असे पुढच्या अभ्यासांत दिसले. नेमक्या निदानासाठी अन्ननलिकेत फुगा ठेवून छातीतला दाब किंवा श्वासपटलाची विद्युत हालचाल मोजतात, पण ही साधने सगळीकडे नसतात. रोजच्या कामात त्यामुळे क्रम ठरलेला असावा लागतो. आलेखाचा वेग वाढवून किंवा पडदा गोठवून आधी उच्छ्वासाची रेषा शून्याला टेकते का ते पाहायचे, मग त्या रेषेत उंचवटे आहेत का ते, त्यानंतर दाबाच्या रेषेचा चढ सरळ आहे की खोलगट, आणि शेवटी हात ठेवून मिनिटभर मोजलेल्या ओढी पडद्यावरच्या वेगाशी जुळतात का ते तपासायचे. यंत्रावरचा कोणताही आकडा बदलल्यावर हाच क्रम पुन्हा करायचा, कारण अडथळ्याच्या फुफ्फुसात एक आकडा सुधारताना उच्छ्वासाचा वेळ कमी झाला तर हवा पुन्हा अडकते.